चौघींचा एक मीटर: भाड्याच्या फ्लॅटमध्ये वीज, इंटरनेट आणि किराणा कसा वाटून घ्यायचा

भाड्याच्या फ्लॅटमध्ये चारजणी नव्याने राहायला आल्या की पहिल्या महिन्यात प्रत्येक बिल 'भागिले चार' होतं. तेव्हा ते सोयीचंही वाटतं. मग एकीच्या खोलीत एसी लागतो, दुसरी बारा दिवस फिरतीवर जाते, तिसरी घरून काम करायला लागते, आणि तेच भागिले चार कोणाच्या तरी मनात सलायला लागतं. बोलत मात्र कोणीच नाही, कारण पैशावरून बोललं की आपण कोत्या मनाच्या दिसू, ही भीती सगळ्यांनाच असते.

मी अशा तीन घरांत राहिले. पहिल्या घरात आम्ही सरसकट समान वाटणी केली आणि उन्हाळ्याच्या अखेरीस एकमेकींशी धड बोलेनाशा झालो. दुसऱ्या घरात उलटं टोक गाठलं. प्रत्येक अंडं, प्रत्येक चमचा तेल वहीत लिहायचो. दोन महिन्यांत वही बंद पडली. तिसऱ्या घरात मी एक पद्धत मांडली, ती सगळ्यांना पटली आणि अजून चालू आहे. नव्याने एकत्र राहायला लागलेल्यांसाठी तीच पद्धत इथे आकड्यांसकट लिहिते आहे. आकडे उदाहरणाचे आहेत, चलन तुमचं जे असेल ते धरा.

आधी खर्चाचा स्वभाव ओळखा

कुठलाही खर्च हाती आला की त्याला एकच प्रश्न विचारायचा: मी या महिन्यात घरी नसते तर हा आकडा कमी झाला असता का?

उत्तर 'नाही' असेल, तर तो खर्च घराचा आहे. तो डोक्यागणिक समान वाटायचा, कोण किती दिवस राहिलं याच्याशी त्याचा संबंध नाही. उत्तर 'राहिलेल्या दिवसांच्या प्रमाणात कमी झाला असता' असं असेल, तर तो दिवसांवर वाटायचा. आणि 'फक्त माझ्या एका वस्तूमुळे वाढला' असं असेल, तर तेवढा भाग माझा.

यातली खरी गोम अशी की एका बिलाचा स्वभाव एकच असतो असं नाही. इंटरनेटचं बिल जवळजवळ पूर्ण पहिल्या प्रकारातलं. किराणा दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारातला. विजेच्या बिलात मात्र तिन्ही प्रकार एकाच कागदावर एकत्र आलेले असतात. म्हणून भांडणं विजेवरूनच सुरू होतात, आणि म्हणून मीही सगळ्यात जास्त वेळ विजेवरच घालवणार आहे.

वीज: बिल फाडायचं कसं

आमचं एका महिन्याचं बिल घेऊ. घरात मी, एसीवाली, घरून काम करणारी आणि फिरतीवाली. बिलाचा काळ ३० दिवसांचा. त्यातले १२ दिवस फिरतीवाली बाहेर होती. एकूण वापर ३४० युनिट. स्थिर आकार १६०. पहिल्या १०० युनिटांना ५ चा दर, पुढच्या २०० युनिटांना ८ चा आणि ३०० च्या वरच्या प्रत्येक युनिटाला १२ चा. म्हणजे विजेचे ५०० अधिक १६०० अधिक ४८०, असे २५८०. त्यात १६० मिळवले की बिल २७४०.

पहिलं काम एसीने किती युनिट खाल्ले ते शोधायचं. सगळ्यात चांगला उपाय म्हणजे एसीच्या लाइनवर छोटा सब-मीटर बसवणं, पण त्यासाठी इलेक्ट्रिशियन आणि घरमालकाची परवानगी लागते. दुसरा उपाय म्हणजे सॉकेटमध्ये लावायचा वीज मोजणारा प्लग. तो एसीचा भार पेलणारा आहे ना, हे त्याच्यावर छापलेले अँपिअर बघून नक्की करा. फोन-लॅपटॉपसाठीचा हलका प्लग एसीला लावला तर तो तापून वितळू शकतो.

आमच्याकडे दोन्ही नव्हतं. आम्ही घराच्याच मीटरवर मोजलं, आणि हे कोणालाही जमेल. सलग तीन रात्री एसी बंद ठेवून रात्री १० ला आणि सकाळी ६ ला मीटरचा फोटो काढला. मग तीन रात्री एसी लावून तसंच केलं. डिजिटल मीटरवर आकडे आळीपाळीने बदलत राहतात, त्यातला kWh लिहिलेला आकडाच घ्यायचा. एसी नसताना एका रात्रीला सरासरी १.६ युनिट आले, एसी असताना ७.६. फरक ६ युनिटांचा, आठ तासांत. म्हणजे तासाला पाऊण युनिट. तीन रात्री अशासाठी, की अनेक मीटर पूर्ण युनिटच दाखवतात आणि एका रात्रीच्या मोजणीत अर्ध्या-एक युनिटाची चूक सहज होते.

घाई असेल तर मीटरवर लुकलुकणारा लाल दिवा मोजता येतो. मीटरवर 3200 imp/kWh असं काहीतरी छापलेलं असतं. याचा अर्थ दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. मिनिटात ४० वेळा लुकलुकला तर तासात २४००, म्हणजे पाऊण युनिट. एखादं उपकरण चालू करून आणि बंद करून मिनिटभर मोजलं की त्याची भूक कळते. पण एसीसाठी मी या मोजणीवर विसंबणार नाही. खोली थंड झाली की एसीचा कॉम्प्रेसर थांबतो किंवा मंदावतो, त्यामुळे एका मिनिटावरून रात्रीचा अंदाज चुकतो. एसीवर छापलेल्या वॉटेजला तासांनी गुणलं तरी हीच चूक होते, आणि बहुतेक वेळा एसीवालीवर अन्याय होतो.

त्या महिन्यात एसी २० रात्री, रोज आठ तास चालला. १६० तास गुणिले पाऊण, म्हणजे १२० युनिट. हवा बदलली की तासाचा आकडाही बदलतो, म्हणून ऋतू पालटला की रात्रीची मोजणी पुन्हा करायची.

आता खरा पेच. हे १२० युनिट कुठल्या दराने लावायचे?

उरलेल्या तिघी म्हणू शकतात: "एसी नसता तर घराचा वापर २२० युनिट असता आणि विजेचे फक्त १४६० आले असते. वाढलेले ११२० एसीमुळेच आले, तेवढे तिने द्यावेत." एसीवाली तितक्याच हक्काने म्हणू शकते: "मी एकटी असते आणि फक्त एसी चालवला असता तर १२० युनिटांचे ६६० झाले असते. स्वस्त टप्पा सगळा तुम्ही वापरायचा आणि महाग टप्पा माझ्या माथी, हे कुठलं?" दोघींचं गणित बरोबर आहे. फरक इतकाच, की रांगेत पहिलं कोणाला उभं केलं.

या पेचावर गणितात एक जुनं उत्तर आहे. गणितज्ञ लॉइड शॅप्ली यांनी १९५३ मध्ये ते मांडलं: रांगेचे सगळे क्रम समान धरा, प्रत्येक क्रमात त्या माणसामुळे किती खर्च वाढला ते बघा आणि त्यांची सरासरी काढा. आपल्याकडे 'घर' आणि 'एसी' असे दोनच भिडू धरले, तर क्रमही दोनच. एसी शेवटी असेल तर ११२०, पहिला असेल तर ६६०, सरासरी ८९०.

हे उत्तर काढल्यावर मी साधा सरासरी दरही काढून पाहिला. २५८० भागिले ३४० म्हणजे युनिटला ७.५९. त्या दराने १२० युनिटांचे सुमारे ९१०. शॅप्लींच्या उत्तरापेक्षा फक्त २० जास्त! दुसऱ्या दोन महिन्यांचे आकडे घालून पाहिले, तेव्हाही फरक असाच किरकोळ आला. तेव्हापासून आम्ही सरासरी दरच वापरतो, कारण तो कोणालाही तोंडी समजावता येतो आणि दोन्ही बाजूंच्या टोकाच्या मागण्यांच्या साधारण मधोमध पडतो.

एका ठिकाणी मात्र सरासरी दर फसतो. काही दरपत्रकांत ठरावीक युनिटांची मर्यादा ओलांडली की सवलत पूर्णच जाते आणि महाग दर पहिल्या युनिटापासून लागतो. समजा मर्यादा २०० ची आहे, तिच्या आत दर ५ आणि ओलांडली की सगळ्यांनाच ८. घराचा वापर १९० आणि एसीचा फक्त ३०. एसी नसता तर बिल ९५०. एसीमुळे झालं १७६०. सरासरी दराने एसीवाली २४० देऊन मोकळी होते आणि बाकीच्यांच्या माथी ५७० चा जादा भार पडतो, ज्यात त्यांचा काही दोष नाही. अशा घरात दोन क्रमांची सरासरीच काढा: एसी शेवटी असेल तर ८१०, पहिला असेल तर १५०, म्हणून एसीचे ४८०. तुमचं दरपत्रक कुठल्या जातीचं आहे ते बिलाच्या मागच्या बाजूला किंवा वीज कंपनीच्या दरपत्रकात कळतं. टप्प्यांची फोड ओळीने दिली असेल तर सरासरी दर चालेल.

एसी बाजूला काढला की उरलेल्या बिलाचे दोन भाग करायचे. फ्रिज आणि राउटर घरात कोणी असो-नसो चालू असतात. आमचा फ्रिज महिन्याला ३५ युनिट घेतो आणि दहा वॉटचा राउटर चोवीस तास चालून सुमारे ७. हे ४२ युनिट सरासरी दराने सुमारे ३२० चे झाले. त्यात १६० चा स्थिर आकार मिळवला की ४८०, म्हणजे प्रत्येकीला १२०. फिरतीवालीलाही हे द्यावेच लागतात, कारण तिची खोली आणि फ्रिजमधला तिचा कप्पा तिच्यासाठी राखून ठेवलेला असतो.

मग उरतात १३५०. दिवे, पंखे, गीझर, वॉशिंग मशीन, मिक्सर असं सगळं यात आलं. हे माणूस-दिवसांवर वाटायचे. आम्ही तिघी प्रत्येकी ३० दिवस आणि फिरतीवाली १८, एकूण १०८ माणूस-दिवस. दिवसाला १२.५०. म्हणून तिघींना ३७५ आणि तिला २२५.

तर वाटणी अशी झाली: मी ४९५, घरून काम करणारी ४९५, फिरतीवाली ३४५, एसीवाली १४०५. बेरीज २७४०. समान वाटणीत प्रत्येकीला ६८५ आले असते, म्हणजे फिरतीवालीने जवळजवळ दुप्पट दिले असते.

घरून काम करणारीचं काय, हा प्रश्न आमच्याकडेही निघाला. तिचा लॅपटॉप साधारण ६० वॉटचा, दिवसाला ९ तास, महिन्याला २२ दिवस. सगळे मिळून १२ युनिट. बिलाच्या चार टक्केही नाहीत. आम्ही ठरवलं की एखादी गोष्ट एकूण युनिटांच्या पाच टक्क्यांच्या आत असेल तर ती मोजायचीच नाही. ३५० वॉट खाणारा मोठा गेमिंग संगणक तेवढेच तास चालला असता तर ६९ युनिट झाले असते, आणि तो नक्की मोजला असता. फोनचं चार्जिंग, टेबलावरचा दिवा, केस वाळवायचं यंत्र यांच्या मागे लागू नका. तिथे वाचणाऱ्या पैशापेक्षा कटुता जास्त येते.

गीझरबद्दल मात्र लोकांचा अंदाज हमखास चुकतो, म्हणून सांगते. १५ लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला जेमतेम अर्धं युनिट लागतं. हे पाण्याच्या गुणधर्मावरून येणारं गणित आहे, गीझर नवा-जुना असल्याने त्यात मोठा फरक पडत नाही. म्हणजे चौघींच्या रोजच्या आंघोळीला महिन्याला साठेक युनिट. एसीच्या निम्मे! कोणी रोज दोनदा गरम पाण्याने आंघोळ करत असेल तर तिच्या नावावर पंधरा युनिट वाढतात. आमच्या पाच टक्क्यांच्या नियमात ते बसतात, म्हणून आम्ही सोडून देतो. पण गीझर तासन्‌तास चालू राहत असेल तर तो वाटणीचा प्रश्न नाही, बटण बंद करायच्या सवयीचा आहे, आणि तो तसाच बोलून सोडवावा.

एसीच्या खोलीत संध्याकाळी सगळ्याच जाऊन बसत असतील तर ते तास एसीवालीच्या खात्यात धरू नका. दार उघडं, सगळ्या आत, तर तास घराचे. आम्ही ते तास दाराजवळच्या कॅलेंडरवर लिहितो.

इंटरनेट: समान, आणि तिथेच थांबा

इंटरनेटचं बिल कोणी गेलं म्हणून कमी होत नाही. ८०० चं बिल चौघींत, प्रत्येकी २००, फिरतीवालीलाही. कोण किती व्हिडिओ बघतं याचा हिशोब करू नका, मर्यादा नसलेल्या प्लॅनमध्ये त्याने बिलात एका पैशाचा फरक पडत नाही.

वाद होतो तो प्लॅन वाढवण्यावरून. एकीला कामासाठी जास्त वेग हवा असेल आणि बाकीच्यांचं आहे त्यात भागत असेल, तर दोन प्लॅनमधला फरक तिचा. ८०० चा प्लॅन ११०० चा झाला तर वरचे ३०० तिने द्यायचे. पण त्याआधी लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडून वेग तपासा. केबलवर प्लॅनइतका वेग मिळत असेल आणि खोलीत मिळत नसेल, तर दोष भिंतींचा आणि राउटरच्या जागेचा आहे. प्लॅन कितीही वाढवला तरी खोलीत फरक पडणार नाही. राउटर घराच्या मधोमध, उंचावर ठेवून पाहा.

जोडणीचा आणि राउटरचा सुरुवातीचा खर्च मात्र महिन्यांवर पसरवून ठेवा. आमचे २४०० लागले, प्रत्येकीने ६०० दिले. ते २४ महिन्यांचे धरले, म्हणजे प्रत्येकीला महिन्याला २५. दहा महिन्यांनी एक मैत्रीण घर सोडून गेली. तिचे २५० वापरून झाले होते, उरलेले ३५० नव्याने आलेल्या मुलीने तिला दिले. दोघींना ते लगेच पटलं, कारण आकडा आधीपासून लिहिलेला होता.

किराणा: काय सामाईक नाही, ते आधी ठरवा

सामाईक काय असावं याची यादी करायला बसलात तर ती वाढतच जाते. उलट बाजूने सुरुवात करा. जे महाग आहे, जे एक-दोघीच खातात किंवा ज्याच्यावरून चव-पथ्याचे वाद आहेत, ते सगळं खाजगी. प्रत्येकीला फ्रिजमध्ये आणि कपाटात एकेक कप्पा द्या, त्यातल्या वस्तूला विचारल्याशिवाय हात नाही. उरतं ते सामाईक: तेल, मीठ, साखर, रोजच्या एकत्र स्वयंपाकाचं सामान, भांड्यांचा साबण, कचऱ्याच्या पिशव्या.

सामाईक किराणा माणूस-दिवसांवर वाटा, विजेसाठी मोजलेले तेच दिवस वापरा. आमचा त्या महिन्याचा २१६० झाला. १०८ दिवसांनी भागला की दिवसाला २०. तिघींना ६००, फिरतीवालीला ३६०. एखादी रोज बाहेरच जेवत असेल आणि घरी फक्त सकाळचं खात असेल, तर तिचा दिवस अर्धा धरा. पाव, पाऊण असे बारीक तुकडे करू नका. अर्धा किंवा पूर्ण, महिन्याच्या सुरुवातीला सांगायचं, मध्येच बदलायचं नाही.

दुकानातून येताना सामाईक आणि खाजगी सामान एकाच पावतीवर येतं, आणि चुका तिथेच होतात. घरी पोचल्याबरोबर, पिशव्या रिकाम्या करतानाच, पावतीवरच्या खाजगी वस्तूंवर पेनाने रेघ मारा आणि उरलेली बेरीज लिहून फोटो ग्रुपवर टाका. आठवडाभराने कुठलीही पावती वाचून आठवत नाही. आम्ही पहिल्या महिन्यात दोन पावत्या अशाच गमावल्या आणि त्यांचा खर्च शेवटी समान वाटून सोडून दिला.

दिवस मोजायचा सोपा नियम म्हणजे रात्री मोजायच्या. जी रात्री इथे झोपली तिचा एक दिवस. एक-दोन रात्रींची गैरहजेरी धरायची नाही, सलग चार किंवा जास्त रात्री बाहेर असेल तरच वजा करायच्या. नाहीतर शनिवार-रविवारच्या हिशोबात सगळ्यांचा जीव जातो. पाहुण्यांनाही तसंच: कोणाची मैत्रीण दोन रात्री राहिली तर काही नाही, तिसऱ्या रात्रीपासून तिचे दिवस बोलावणारीच्या खात्यात.

महिनाअखेर: कोणी कोणाला किती

प्रत्येक खर्च त्याच दिवशी एकमेकींना पाठवत बसलात तर महिन्यात वीस-पंचवीस व्यवहार होतात आणि एखादा विसरतोच. ज्याच्या हाती बिल येईल त्याने भरावं, नोंद करावी, आणि महिन्यातून एकदाच मिटवावं. कागदावर किंवा साध्या स्प्रेडशीटवर प्रत्येकीपुढे दोन आकडे लिहा: तिच्या वाट्याचे किती आणि तिने प्रत्यक्षात भरले किती.

आमच्या त्या महिन्यात तिन्ही खर्च मिळून ५७०० झाले. माझा वाटा १२९५, पण वीजबिल मी भरलं होतं, म्हणजे २७४०. मला १४४५ यायचे. घरून काम करणारीचाही वाटा १२९५. तिने इंटरनेटचे ८०० आणि किराण्याचे ९०० भरले होते, तिला ४०५ यायचे. फिरतीवालीचा वाटा ९०५, किराण्याचे ५६० भरलेले, तिला ३४५ द्यायचे. एसीवालीचा वाटा २२०५, किराण्याचे ७०० भरलेले, तिला १५०५ द्यायचे. येणं १८५०, देणं १८५०. हे दोन्ही जुळले नाहीत तर पुढे जाऊ नका, कुठेतरी पावती राहिली आहे किंवा दोनदा धरली गेली आहे.

मग ज्याला सर्वात जास्त द्यायचे त्याने सर्वात जास्त येणं असलेल्याला द्यायचे, उरलेले पुढच्याला. एसीवालीने मला १४४५ आणि घरून काम करणारीला ६० पाठवले, फिरतीवालीने तिला ३४५. तीन व्यवहारांत महिना मिटला. चारजणींत तीनपेक्षा जास्त व्यवहार कधीच लागत नाहीत, पाचजणींत चारपेक्षा जास्त नाहीत.

एक बारीक गोष्ट. विजेच्या बिलाचा काळ महिन्याच्या १ तारखेपासून नसतो, मीटर वाचल्याच्या तारखेपासून असतो. माणूस-दिवस त्याच तारखांमधले मोजा. आम्ही हजेरी तारखांनुसार लिहून ठेवतो, म्हणजे बिल कधीही आलं तरी मधले दिवस मोजता येतात.

हे घरात मांडायचं कसं

वेळ फार महत्त्वाची. मोठं बिल आल्यावर ही पद्धत मांडलीत तर ती एसीवालीवरचा आरोप वाटते. एसीचे दिवस सुरू व्हायच्या महिनाभर आधी, किंवा सगळ्या राहायला येतात त्याच आठवड्यात बोला. मी मागच्या तीन बिलांवर दोन्ही पद्धतींनी वाटणी करून आकडे आधी पाठवले होते, त्यात माझा वाटा एका महिन्यात वाढत होता तोही लपवला नाही. सोबत हा मजकूर होता:

"आपण आत्तापर्यंत सगळं समान वाटतो आहोत. पुढच्या महिन्यापासून थोडं वेगळं करून पाहूया का? इंटरनेट, विजेचा स्थिर आकार, फ्रिज आणि राउटर समान. बाकीची वीज आणि सामाईक किराणा राहिलेल्या रात्रींवर, सलग चार रात्री बाहेर असलं तरच वजावट. एसीची वीज मीटरवर मोजून, सरासरी दराने, ज्याच्या खोलीत आहे त्यांची. पाच टक्क्यांच्या आतलं काही मोजायचं नाही. हिशोब महिन्यातून एकदा, दर महिन्याला वेगळी एकजण करेल. तीन महिने चालवू, मग कोणाला जड जात असेल तर बदलू. मागच्या तीन बिलांचे आकडे खाली दिलेत, कुठे चुकलं असेल तर सांगा."

एसीवालीने दोन गोष्टी मागितल्या: रात्रीची मोजणी तिच्यासमोर व्हावी, आणि तिच्या खोलीत सगळ्या बसलेले तास वेगळे धरावेत. दोन्ही रास्त होत्या, दोन्ही नियमात घातल्या. हिशोब आळीपाळीने करायची अट फिरतीवालीची. तीही चांगलीच निघाली, कारण स्वतः एकदा बेरीज केली की दुसरीच्या आकड्यांवर संशय येत नाही.

कोणी घर सोडून जाताना

माझ्या दुसऱ्या घरात एकजण निघून गेली तेव्हा आम्ही चालू बिलापुरता हिशोब मिटवला. दोन महिन्यांनी मोठं बिल आलं. मधले महिने मीटर न वाचताच अंदाजाने बिलं दिली गेली होती आणि खरं वाचन झाल्यावर सगळी थकबाकी एकदम निघाली. ती कोणत्या महिन्याची, किती कोणाची, हे ठरवायला आमच्याकडे काहीच नव्हतं. गेलेल्या मैत्रिणीकडे मागायचा धीर झाला नाही आणि उरलेल्या आम्ही ती भरली.

आता आम्ही दर बिलावरचं वाचन मीटरशी ताडून पाहतो. बिलावर 'सरासरी' किंवा 'अंदाजे' असा शेरा असेल, किंवा बिलावरचा आकडा मीटरच्या आकड्यापेक्षा बराच मागे असेल, तर वाटणी मीटरच्या फोटोवरूनच करतो आणि जादा युनिटांचे पैसे वेगळे काढून ठेवतो. कोणी जाणार असेल तर तिने किल्ली देण्याआधी मीटरचा तारखेसह फोटो काढायचा, नवीन येणारीने सामान आत आणण्याआधी पुन्हा एक. गेल्या वेळी आमची मैत्रीण गेली तेव्हा शेवटच्या बिलापासून तिच्या जाण्यापर्यंत मीटर ९० युनिटांनी पुढे सरकला होता. त्या ९० युनिटांचा तिचा वाटा आदल्या बिलाच्या सरासरी दराने काढला, राउटरचे ३५० तिला परत दिले, आणि खरं बिल आल्यावर फरक निघाला तर तो कुठल्या खात्यावर पाठवायचा ते ग्रुपवर लिहून घेतलं.